अरबीत अकरापासून नव्याण्णवपर्यंत: नाम एकवचनी का, आणि तेरा-चौदाचं लिंग असं विचित्र का?

प्रश्न: तीन ते दहाचा नियम कसाबसा डोक्यात बसला: नाम अनेकवचनी, आकड्याचं लिंग उलटं. पण अकरा आले की पुस्तक एकदम 'खम्सत अशर किताबन' म्हणतं. पंधरा पुस्तकं, आणि पुस्तक एकवचनी? तेही द्वितीयेत? शिवाय त्या पंधरामधला पाच एका लिंगाचा आणि दहा दुसऱ्या. वाचताना निभावतं, लिहायला बसलं की दर वेळी चुकतं. हे नुसतं पाठ करायचं, की यात काही संगती आहे?

उत्तर:

संगती आहे, आणि बरीच आहे. फक्त यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाठ्यपुस्तकं त्या एकाच तक्त्यात कोंबतात. नामाचं रूप काय होणार हा एक मुद्दा. आकड्याचं रूप काय होणार हा दुसरा. पहिल्याचं उत्तर अकरा ते नव्याण्णव सगळीकडे एकच आहे, त्यात अपवाद नाही म्हटलं तरी चालेल. सगळी गुंतागुंत दुसऱ्यात आहे, आणि तीही मुख्यतः अकरा ते एकोणीस या नऊ आकड्यांत.

मी अरबी शब्द नागरीत लिहितोय, तेव्हा एक सांगून ठेवतो. 'खम्सत', 'अशर' यांच्या शेवटच्या अक्षरातला अ आपण मराठीत गिळतो तसा गिळू नका. तो पूर्ण उच्चारायचा. शेवटी आलेला 'अन' म्हणजे अनिश्चित नामाच्या द्वितीयेची खूण: किताबन, बैतन, दीनारन.

आधी नामाचं बघू. तीन ते दहामध्ये आकडा आणि नाम यांचं नातं षष्ठीचं असतं. 'सलासतु कुतुबिन' म्हणजे शब्दशः 'पुस्तकांचं त्रिकूट'. आकडा मालक शोधत पुढे हात करतो आणि नाम त्याला चिकटतं. उर्दूतली इजाफत तुमच्या कानावर असेल तर हे लगेच कळेल. आता अरबीत असा हात पुढे करायचा तर शब्दाचा शेवट मोकळा असावा लागतो: शेवटचा 'उन' किंवा बहुवचनाचा 'न' गळून पडावा लागतो. 'मुअल्लिमून' म्हणजे शिक्षक, पण 'शाळेचे शिक्षक' म्हणताना 'मुअल्लिमू' एवढंच उरतं.

'इश्रून' म्हणजे वीस, हा शब्द 'मुअल्लिमून'च्याच घडणीचा आहे, पण नाम पुढे आलं तरी त्याचा 'न' गळत नाही. न जागच्या जागी राहिला याचा अर्थ दार बंद. 'खम्सत अशर' मध्ये तर पाच आणि दहा असे दोन शब्द एकमेकांना सांधून एकच शब्द झालाय, त्यालाही मोकळं टोक उरलेलं नाही. म्हणून नामाला षष्ठीतून आत शिरता येत नाही. मग ते बाहेर उभं राहून खुलासा करतं: 'वीस... कशाचे? तर पुस्तक या बाबतीत'. अरबी व्याकरणात अशा खुलासा करणाऱ्या शब्दाला तम्यीज म्हणतात आणि तम्यीज द्वितीयेत असतो. तो फक्त आकड्यांपुरता नाही. 'रतलुन जैतन' म्हणजे रतलभर तेल. रतल हा शब्द आपण अरबीतूनच घेतला, आणि इथेही तेल द्वितीयेतच आहे, कारण रतल कशाचा ते तेल सांगतंय.

आणि एकवचन का? कारण खुलासा जातीचा आहे, संख्येचा नाही. संख्या वीस या शब्दानं आधीच सांगून टाकली. उरलं ते फक्त 'कोणती वस्तू', आणि त्याला एक नग पुरतो. आपल्यालाही हे परकं नाही. 'लग्नाला दोनशे माणूस होतं', 'पन्नास माणूस जेवून गेलं' असं आपण सहज म्हणतो. 'पाच माणूस जेवून गेलं' मात्र कानाला खटकतं. मोजणी मोठी झाली की एकेक चेहरा दिसेनासा होतो आणि जात उरते. अरबीनं ही रेघ दहा आणि अकराच्या मध्ये मारली आणि ती कायद्यासारखी पाळली, एवढाच फरक.

हे पक्कं करायला सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे 'कम' हा प्रश्नशब्द. 'कम' म्हणजे 'किती'. त्याच्यानंतरचं नामही एकवचनी द्वितीयेतच येतं: 'कम किताबन इंदक?' म्हणजे तुझ्याकडे किती पुस्तकं आहेत. उत्तर अकरा ते नव्याण्णवमधलं असेल तर प्रश्नातलं नाम जसंच्या तसं उचलायचं: 'खम्सत अशर किताबन'. एक अक्षर बदलायचं नाही. मी शिकवताना आठवडाभर हा एवढाच खेळ घेतो, प्रश्न 'कम'चा आणि उत्तर दोन आकडी. विभक्तीची भीती त्यातच निघून जाते.

लिहिताना 'अन' दाखवण्याबद्दल एक बारीक गोष्ट. 'किताबन' लिहिताना शेवटी एक जादा अलिफ येतो. 'सय्यारतन' (मोटार), 'गुर्फतन' (खोली) अशा शब्दांच्या शेवटी स्त्रीलिंगाचा गोल ता असतो, तिथे तो अलिफ येत नाही. दोन जबर त्या तावरच बसतात. मी तपासतो त्या वह्यांत विभक्ती चुकण्यापेक्षा हा अलिफ जास्त वेळा चुकलेला असतो. गोल ता दिसला की अलिफ नाही, एवढं हाताला लावून घ्या.

आता आकड्याच्या लिंगाकडे. इथे लोक 'पंधरा' हा एक शब्द मानून त्याचं लिंग ठरवायला जातात आणि फसतात. पंधरामध्ये दोन भाग आहेत, पाच आणि दहा, आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. त्यांना वेगळं विचारा.

एकक, म्हणजे पहिला भाग, सुटा असताना जसा वागतो तसाच जोडात वागतो. एक आणि दोन हे मुळात सरळ: पुल्लिंगी नामाबरोबर पुल्लिंगी, स्त्रीलिंगीबरोबर स्त्रीलिंगी. तीन ते नऊ हे उलटे: पुल्लिंगी नामाबरोबर गोल ता घेतात, स्त्रीलिंगी नामाबरोबर टाकतात. हे तुम्हाला येतंच. अकरापासून पुढेही त्यांची खोड बदलत नाही, अगदी नव्याण्णवपर्यंत.

दशक, म्हणजे 'दहा' हा भाग, अकरा ते एकोणीसमध्ये नेहमी सरळ असतो. पुल्लिंगी नामाला 'अशर', स्त्रीलिंगी नामाला 'अश्रत'. सुटा दहा मात्र तीन ते नऊच्या टोळीतला, म्हणजे उलटा. जोडात आला की तो सुधारतो. विचित्र म्हणायचं तर एवढं एकच विचित्र आहे.

आता जोड लावून बघा. अकरा पुस्तकं: एक सरळ, दहा सरळ, 'अहद अशर किताबन'. अकरा मोटारी: 'इह्दा अश्रत सय्यारतन'. बाराचंही तसंच: 'इस्ना अशर' आणि 'इस्नता अश्रत'. दोन्ही भाग नामाच्या बाजूचे, त्यामुळे कुरकुर नाही. तेरापासून एकक उलटा आणि दहा सरळ, म्हणून दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना: 'सलासत अशर किताबन', पण 'सलास अश्रत सय्यारतन'.

या दोन रूपांकडे जरा जवळून बघा. पहिल्यात ता तीनवर आहे, दहावर नाही. दुसऱ्यात ता दहावर आहे, तीनवर नाही. तेरा ते एकोणीस सातही आकड्यांत असंच: जोडीत एकच ता. जुन्या अरबी वैयाकरणांचं स्पष्टीकरण याच दिशेचं आहे. दोन शब्द सांधून एक झाला, मग त्या एका शब्दात स्त्रीलिंगाची एकच खूण दोनदा कशाला? म्हणून एककानं ता घेतला की दहा तो सोडतो, आणि एककानं सोडला की दहा घेतो. हे कारण इतिहास म्हणून कितपत खरं यावर वाद घालता येईल, पण तपासणीचं साधन म्हणून ते अचूक आहे. तेरा ते एकोणीसमध्ये काहीही लिहिलं की ता मोजा. एक असला पाहिजे. दोन झाले किंवा शून्य झाला, तर नक्की चुकलंय. तो एक ता कुठे हवा? नाम पुल्लिंगी तर पुढच्या शब्दावर म्हणजे एककावर, स्त्रीलिंगी तर मागच्यावर.

उलट्या लिंगाची ही खोड एकट्या अरबीची नाही. हिब्रूतही तेरा पुल्लिंगी नामासाठी 'श्लोशा असार' आणि स्त्रीलिंगीसाठी 'श्लोश एस्रे', म्हणजे तीच उलटापालट. या भाषाकुळात ती फार जुनी आहे. ती कशी आली याच्या उपपत्ती बऱ्याच आहेत, पण तुमचं लिहिणं त्यांनी सुधारणार नाही, म्हणून सोडून देतो.

दहाबद्दल आणखी एक, कारण ते बोलताना पकडलं जातं. 'अशर' मध्ये श वर स्वर आहे, 'अश्रत' मध्ये श अर्धा आहे. सुट्या दहामध्ये ता उलटा लागतो: पुल्लिंगीला 'अशरतु रिजालिन' (दहा पुरुष), स्त्रीलिंगीला 'अश्रु बनातिन' (दहा मुली). पण श कडे लक्ष द्या. पुल्लिंगी नाम असेल तर श पूर्ण, स्त्रीलिंगी असेल तर श अर्धा, मग दहा सुटा असो की जोडातला. ता जागा बदलतो, श बदलत नाही. ज्यांना हे कळतं त्यांचं वाचन ऐकतानाच ओळखू येतं.

वीसपासून पुढे दशकांना लिंगच नाही. 'इश्रून', 'सलासून', 'अर्बऊन' दोन्ही लिंगांना तेच. त्यांना फक्त विभक्ती: कर्ता असेल तर 'ऊन', बाकी सगळीकडे 'ईन'. एकक आपल्या खोडीप्रमाणे. 'सलासतुन व इश्रून किताबन' तेवीस पुस्तकं, 'सलासुन व इश्रून सय्यारतन' तेवीस मोटारी. क्रम बघितलात? तीन आणि वीस, आपल्या तेवीससारखाच, एकक आधी. इंग्रजीतून अरबी शिकणाऱ्यांना हा क्रम अडतो, आपल्याला अडायचं कारण नाही. फोनवर कुणी नंबर सांगत असेल तर मराठीत ऐकल्यासारखं ऐका.

विभक्तीत एवढाच फरक ध्यानात ठेवा: अकरा आणि तेरा ते एकोणीस हे गोठलेले आहेत. कर्ता असो, कर्म असो, शब्दयोगी अव्ययानंतर असो, 'खम्सत अशर'चं 'खम्सत अशर'च. हलतो फक्त बारा, आणि त्याचाही पहिलाच भाग: कर्त्यात 'इस्ना', एरवी 'इस्नै', स्त्रीलिंगात 'इस्नता' आणि 'इस्नतै'. एकवीसपासून पुढे मात्र दोन्ही भाग हलतात, कारण मध्ये 'व' आला, सांधा सुटला.

तुम्ही लिहिताना चुकता म्हणालात, म्हणून लिहिण्याचंच उदाहरण घेऊ. समजा आखातातल्या एका ठेकेदाराच्या पत्राचा मजकूर आहे: पंधरा कामगार नेमले, त्यांना बारा खोल्यांत ठेवलं, अठरा रात्री काम चाललं, प्रत्येकाला त्रेचाळीस दिनार दिले. चारही आकडे टप्प्यात आहेत, म्हणजे चारही नामं एकवचनी द्वितीयेत. हे आधीच लिहून टाका: आमिलन, गुर्फतन, लैलतन, दीनारन. आता आकड्यांकडे वळा, आणि प्रत्येक वेळी आधी नामाचं लिंग बघा.

आमिल पुल्लिंगी. पाच उलटा, म्हणून ता लागेल. दहा सरळ, म्हणून बिनताचा. 'खम्सत अशर आमिलन'. ता एक, बरोबर. 'नेमले' याचं हे कर्म आहे, पण गोठलेला आकडा असल्यानं विभक्तीचा विचार करायचा नाही.

गुर्फा स्त्रीलिंगी. दोन सरळ, दहा सरळ, दोन्ही स्त्रीलिंगी. वर 'फी' म्हणजे 'मध्ये' आहे, आणि बारा हलणारा आहे, तेव्हा 'फी इस्नतै अश्रत गुर्फतन'. इथे ता दोन झाले, पण एका ताचा नियम तेरापासूनचा आहे, बाराला तो लावू नका.

लैला स्त्रीलिंगी. आठ उलटा, म्हणजे ता टाकणार. दहा सरळ, म्हणजे ता घेणार. आठाचं बिनताचं रूप जरा आडमुठं आहे, त्याच्या शेवटी य लपलेला असतो. जोडात तो बाहेर येतो: 'समानिय अश्रत लैलतन'. 'समानी अश्रत' असंही चालतं. पुल्लिंगी असतं तर 'समानियत अशर'. अठ्ठावीसमध्ये कर्त्याच्या जागी हाच आठ 'समानिन व इश्रून' असा दिसतो, य पुन्हा गायब. स्त्रीलिंगी आठ दिसला की मी अजूनही क्षणभर थांबतो, तुम्हीही थांबत जा.

दीनार पुल्लिंगी. तीन उलटा, ता घेणार. 'दिले' याचं कर्म, आणि त्रेचाळीस हलणारा, तेव्हा दोन्ही भाग द्वितीयेत: 'सलासतन व अर्बईन दीनारन'. इथे 'अर्बऊन' लिहिणारे पुष्कळ भेटतात, कारण पाठ करताना त्यांनी 'ऊन'चीच रूपं घोकलेली असतात. खरं तर प्रत्यक्ष मजकुरात आकडा कर्ता क्वचित असतो. 'ईन'ची रूपं आधी पाठ करा.

आता ज्या चुका नियम येत असूनही होतात, त्यातली एक सगळ्यात मोठी. लिंग अनेकवचनावरून ठरवलं जातं. 'हम्माम' म्हणजे स्नानगृह, पुल्लिंगी. पण त्याचं अनेकवचन 'हम्मामात', आणि 'आत' दिसलं की हात आपोआप स्त्रीलिंगाकडे जातो. लिंग नेहमी एकवचनाचं बघायचं: 'खम्सत अशर हम्मामन'. अकरा ते नव्याण्णवमध्ये तर एकवचन समोरच लिहिलेलं असतं, म्हणजे फसायला निमित्तही उरत नाही. उलट दिशेनंही सावध राहा: 'ऐन' म्हणजे डोळा किंवा झरा, शेवटी ता नाही, तरी स्त्रीलिंगी. कुराणात मूसाच्या काठीनं खडकातून बारा झरे फुटतात तिथे 'इस्नता अश्रत ऐनन' आहे, दोन्ही भाग स्त्रीलिंगी.

कुराणाचा विषय निघालाच, तर या टप्प्याच्या दोन्ही टोकांची उदाहरणं तिथेच सापडतात आणि ती डोक्यात राहतात. यूसुफच्या सूरेत स्वप्नातले अकरा तारे: 'अहद अशर कौकबन'. साद या सूरेत दाऊदपुढे आलेल्या फिर्यादीतल्या नव्याण्णव मेंढ्या: 'तिस्उन व तिस्ऊन नअ्जतन'. पहिल्यात तारा पुल्लिंगी, एक आणि दहा दोन्ही पुल्लिंगी. दुसऱ्यात मेंढी स्त्रीलिंगी, म्हणून नऊ बिनताचा, नव्वद लिंगाच्या पलीकडे, आणि मेंढी एकटीच, एकवचनी. आराफ सूरेत एका ठिकाणी बारानंतर 'अस्बातन' असं अनेकवचन दिसतं आणि चौकस विद्यार्थी ते घेऊन येतातच. वैयाकरणांचं त्यावरचं नेहमीचं उत्तर असं की मोजलेलं नाम तिथे अध्याहृत आहे आणि 'अस्बातन' हा त्यानंतर आलेला समानाधिकरण शब्द आहे. ते उदाहरण पुढे करून आपल्या पत्रात अनेकवचन लिहू नका.

आणि आता जे मला वैयक्तिक फार आवडतं ते. मोडी कागद वाचणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर त्यांना अर्धा धडा न शिकता येतो. पेशवाईतल्या पत्रांवर जो शुहूर सन असतो, तो अरबी आकड्यांतच लिहिलेला असतो. सूर्य मृगात गेला की हे वर्ष बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. सुरुवातीपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेला त्यात 599 मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंत 600. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ची, म्हणजे शुहूर 1161: 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर आणि हजार.

यात आपला सगळा नियम गोठून बसलाय. 'सन' हा अरबीतला 'सना', वर्ष, आणि तो स्त्रीलिंगी. म्हणून एक 'अहद' नाही तर 'इहिदे', म्हणजेच 'इह्दा'. म्हणून कागदावर तीन 'सलास', चार 'अर्बा', पाच 'खमस', आठ 'समान' असे सगळे बिनताचे. 'खम्सा' कुठे दिसत नाही. साठ 'सित्तून' न राहता 'सितैन' का? कारण 'सन' आधी आलं आणि आकडा त्याच्या षष्ठीत गेला, म्हणजे 'ईन'चं रूप हवं. कारकुनांनी उच्चार आपल्या जिभेला वळवला, पण साचा शाबूत राहिला. बाळाजी विश्वनाथ नोव्हेंबर 1713 मध्ये पेशवे झाले तो शुहूर 1114, 'अर्बा अशर मया व अलफ'. इथे मात्र अरबी नियमानं दहाला ता हवा, 'अश्रत'. आपल्याकडे त्याचा 'अशर' झाला. म्हणजे ज्या ठिकाणी अरबी शिकणारा आज अडखळतो, नेमक्या त्याच ठिकाणी मराठी कारकुनानं दोन रूपांचं एक करून टाकलं. नाम आधी आल्यामुळे द्वितीयेचा मात्र प्रश्नच उरला नाही, मागे खुलासा करायला काही शिल्लक नाही.

हेच आजच्या अरबीतही चालतं आणि उपयोगी पडतं: नाम आधी आलं तरी आकड्याचं लिंग त्या नामाकडेच बघून ठरतं. नाम लिहिलेलंच नसेल तरीही. कुराणात नरकावरच्या पहारेकऱ्यांबद्दल नुसतं 'अलैहा तिस्अत अशर' आहे, 'तिच्यावर एकोणीस'. एकोणीस काय ते वाक्यात नाही, पण नऊवरचा ता सांगतो की मोजलेली गोष्ट पुल्लिंगी आहे.

बोलण्यात हे सगळं किती पाळायचं? बोलीत फारसं नाही. कैरो, दमास्कस किंवा मस्कतच्या रस्त्यावर तेरा ते एकोणीसचं लिंग कुणी बदलत नाही, पंधराचा एकच ठरलेला उच्चार असतो, आणि 'अन'ही गळून गेलेला असतो. पण एकवचन सगळीकडे टिकलंय. टॅक्सीवाल्याशी बोलताना लिंग चुकलं तर कुणाच्या लक्षात येणार नाही, 'पंधरा दिवस' मधल्या दिवसाचं अनेकवचन केलंत तर लगेच येईल. म्हणून वेळ कमी असेल तर एकवचन आधी पक्कं करा, लिंग नंतर.

बातम्या वाचणाऱ्यांची अडचण वेगळी असते. छापील मजकुरात आकडा अंकांत असतो, आणि अरबीत आकडा आधी, नाम नंतर. '15' वर डोळा गेला आणि तोंड उघडलं की अडकलात, कारण पुढे मोटार आहे की पुस्तक हे अजून बघितलेलंच नाही. अंक दिसला की डोळा त्याला ओलांडून नामावर न्यायचा, लिंग घ्यायचं, मग मागे येऊन आकडा म्हणायचा. सुरुवातीला पेन्सिलीनं नामाखाली रेघ मारून ठेवली तर सवय लवकर लागते.

राहिले शंभरच्या पुढचे. तिथे नामाचं रूप आकड्याचा शेवटचा भाग ठरवतो, म्हणून तुमचा टप्पा पुन्हा पुन्हा परत येतो. एकशे पंधरा पुस्तकं: 'मिअतुन व खम्सत अशर किताबन', शेवटी पंधरा, म्हणून एकवचनी द्वितीया. एकशे तीन: 'मिअतुन व सलासतु कुतुबिन', शेवटी तीन, म्हणून अनेकवचनी षष्ठी. नुसते शंभर: 'मिअतु किताबिन', एकवचनी पण षष्ठी, कारण शंभराचं टोक मोकळं आहे. आणि एकशे एकला अरबी 'एक' हा शब्दच वापरत नाही. 'मिअतु किताबिन व किताबुन' म्हणतात, शंभर पुस्तकं आणि एक पुस्तक. एकशे दोनला त्या शेवटच्या पुस्तकाचं द्विवचन करतात: 'मिअतु किताबिन व किताबान'.